देवळात सापडलेली वस्तू: हरवले-सापडले सूचना कशी लिहावी आणि वस्तू परत कशी द्यावी?

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावात यात्रेच्या दिवशी गावकरी, पाहुणे, पुण्या-मुंबईहून आलेले चाकरमानी आणि बैलगाड्यांची शर्यत पाहणारे असे सगळे एकाच आवारात असतात. गर्दी ओसरली की चपला, पाण्याच्या बाटल्या, चष्मे, पाकिटे, मोबाईल आणि लहान मुलांचे दागिने मागे उरतात. अशा वेळी देवस्थानाने एक सूचना लावायची असते. ती चुकीची लिहिली गेली, तर वस्तू भलत्याच माणसाच्या हाती जाऊ शकते.

सापडलेली वस्तू कोणाची?

देवळाच्या आवारात सापडली म्हणून वस्तू देवाची किंवा ट्रस्टची होत नाही. मालक ती हरवलेली व्यक्तीच राहते. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 71 नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेवीदाराची जबाबदारी येते. म्हणजे स्वतःच्या वस्तूइतकीच काळजी घेऊन ती सांभाळायची. मालक कोण हे माहीत असताना, किंवा त्याचा योग्य तो शोध न घेताच वस्तू स्वतःसाठी वापरली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अपहाराचा गुन्हा ठरतो. त्याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. परत देण्याच्या हेतूने वस्तू उचलून जपून ठेवणे हा मात्र गुन्हा नाही.

म्हणूनच पायरीवर सापडलेली पाचशेची नोट दानपेटीत टाकण्याची सवय बरोबर नाही. टाकणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी तो दुसऱ्याचे पैसे दान करत असतो. शिवाय पेटीत गेलेली नोट इतर नोटांत मिसळते आणि मालक आला तरी वेगळी काढून देता येत नाही. रोख रक्कम कार्यालयात द्यावी आणि दोन जणांसमोर मोजून वहीत लिहून घ्यावी.

सूचनेत काय लिहावे, काय लपवावे?

सर्वाधिक चुका इथेच होतात. दागिना सापडला की कोणीतरी त्याचा स्पष्ट फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्या क्षणापासून फोटो पाहिलेला प्रत्येक जण त्या दागिन्याचे अचूक वर्णन करू शकतो, आणि खरा मालक ओळखण्याची खूण हातातून जाते. सूचनेत वस्तूचा प्रकार, दिवस आणि आवाराचा साधारण भाग एवढेच द्यावे. धातू, वजन, नक्षी, रक्कम, पाकिटाचा रंग, आतील कागद यांतले काहीही देऊ नये. सूचना अशी असावी:

«यात्रेच्या दिवशी देवळाच्या आवारात लहान मुलाचा एक दागिना सापडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी ओळखपत्र घेऊन देवस्थान कार्यालयात सकाळी 9 ते सायंकाळी 6 या वेळेत यावे. वस्तूचे वर्णन स्वतः सांगावे लागेल. फोनवर वर्णन सांगितले जाणार नाही.»

आधार किंवा एटीएम कार्ड सापडले, तर त्याचाही फोटो ग्रुपवर टाकू नये. नाव आणि गाव लिहिले तरी मालकापर्यंत निरोप पोहोचतो.

एक उदाहरण

समजा, चपलांच्या स्टँडजवळ एका स्वयंसेवकाला बाळाचे वाळे सापडले. कार्यालयात वहीत नोंद होते: अनुक्रमांक, तारीख, वेळ, जागा, आणून देणाऱ्याचे नाव व सही. त्यापुढे पूर्ण वर्णन येते: चांदीचा एकच वाळा, तीन घुंगरांपैकी एक तुटलेला, काळा दोरा बांधलेला. वाळा पाकिटात घालून पाकीट चिकटवतात, त्यावर अनुक्रमांक आणि दोघांच्या सह्या होतात, आणि ते कुलपाच्या कपाटात जाते.

दुसऱ्या दिवशी तीन कुटुंबे येतात. पहिले सोन्याची अंगठी हरवल्याचे सांगते. दुसरे चांदीच्या वाळ्यांची जोडी सांगते, पण घुंगरांबद्दल विचारल्यावर गोंधळते. तिसऱ्या कुटुंबातील आजी सांगतात की एकाच पायातला वाळा पडला, दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता आणि एक घुंगरू आधीच निखळले होते. त्या पिशवीतून दुसरा वाळाही काढून दाखवतात. वाळा त्यांना मिळतो. ओळखपत्राचा प्रकार व शेवटचे चार अंक, मोबाईल क्रमांक आणि सही घेऊन नोंद बंद होते. पहिल्या कुटुंबाची तक्रारही लिहून ठेवतात, कारण अंगठी नंतर सापडू शकते.

प्रश्न नेहमी मोकळा विचारावा. «दोरा काळा होता का?» असे विचारले की उत्तर आपणच दिल्यासारखे होते. «त्यावर आणखी काय होते?» एवढे पुरते.

सोन्याच्या दागिन्यासाठी आणखी एक पुरावा असतो. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी क्रमांक कोरलेला असतो आणि अनेक सराफांच्या पावतीवरही तो असतो. दोन्ही जुळले तर शंका उरत नाही. मात्र जुने दागिने आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंवर हा क्रमांक बहुधा नसतो, आणि बाळाची अंगठी याच गटात येते. तिथे घालून काढलेला जुना फोटो उपयोगी पडतो.

मोबाईलची खात्री सोपी आहे: मालकाने तो सर्वांसमोर उघडून दाखवावा. तोवर फोन चार्जिंगला लावून चालू ठेवावा आणि सिम काढू नये, कारण मालक बहुधा स्वतःच फोन करतो.

किती दिवस सांभाळावे?

चपला, बाटल्या, खेळणी, टोप्या यांच्यासाठी कायद्याने ठरावीक दिवस दिलेले नाहीत. देवस्थानाने मुदत ठरवून सूचनेत छापावी. तीस दिवस सोयीचे पडतात, कारण बाहेरगावचे लोक पुढच्या फेरीत येऊ शकतात. खाद्यपदार्थ त्याच दिवशी काढावे लागतात. मुलांचा चष्मा, औषधे किंवा श्रवणयंत्र सापडले, तर मुदतीची वाट न पाहता ध्वनिक्षेपकावरून लगेच पुकारा करावा.

दागिने, मोठी रोकड, मोबाईल आणि ओळखपत्रे देवळात फार काळ ठेवू नयेत. एक-दोन दिवसांत मालक आला नाही, तर वस्तू पोलीस ठाण्यात, अवसरीच्या बाबतीत मंचरला, द्यावी आणि वहीतील वर्णनासह पोहोच घ्यावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यानंतर जाहीर नोटीस काढली जाते आणि हक्क सांगण्यासाठी सहा महिने मिळतात. त्या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, तर मालमत्ता शासनाकडे जाते. ती शोधणाऱ्याला किंवा देवस्थानाला आपोआप मिळत नाही.

वस्तू हरवलेल्याने काय करावे?

आधी देवस्थानाच्या वहीत स्वतःची तक्रार लिहून यावी, वस्तू तिथे नसली तरी. फोटो किंवा पावती जवळ ठेवावी, पण ग्रुपवर टाकू नये. «यात्रेत दागिना हरवला, सापडल्यास देवस्थान कार्यालयात द्यावा» एवढाच मजकूर पुरे. मोबाईल हरवला असेल तर पोलिसांत तक्रार देऊन ceir.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तो ब्लॉक करता येतो. त्यासाठी खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक लागतो. फोन परत मिळाला की तिथेच ब्लॉक काढण्याची विनंती करावी लागते, नाहीतर सिम घातले तरी त्याला नेटवर्क मिळत नाही.