एकोणीस जोड गेले, लाखो आले

आज धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास बघूया. पण सुरुवात आपल्या हिंगोलीच्या वेल्डिंगच्या दुकानापासून.

शेताचं गेट बनवताना कधी बघितलंय? वेल्डर एका बाजूने सलग जोड मारत नाही. इथे एक टाका, मग समोरच्या कोपऱ्यात एक टाका. का? कारण वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि सगळी चौकट एका बाजूला ओढून वाकवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता ९ मे २०२४ कडे या. त्या दिवशी इस्रोने तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन ६६५ सेकंद चालवून बघितलं. हे इंजिन प्रिंट केलेलं होतं. आधी त्यात १४ भाग होते, ते एकच झाले आणि वेल्डिंगचे १९ जोड गेले. पूर्वी एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागायचा, आता १३.७ किलो पावडर लागली.

जोड गेले म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण मला वाटतं, जोड गेले नाहीत, वाढले! ही पद्धत बघा ना. हळदीच्या पुडीसारखी बारीक धातूची पावडर एका प्लेटवर पसरतात. थर साधारण ०.०४ मिलिमीटरचा. जिथे वस्तू हवी, तिथे लेझर ती वितळवतो. मग पुढचा थर. दहा सेंटिमीटर उंचीला असे २,५०० थर होतात आणि प्रत्येक थरात लेझरच्या शेकडो रेघा असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक बारीक वेल्डिंगच. त्यामुळे वेल्डिंगची जुनी दुखणी इथेही आलीच.

सुरुवातीच्या यंत्रांत धातू पूर्ण वितळत नसे. कण एकमेकांना चिकटत आणि मधे पोकळ्या राहत. १९९५ मध्ये जर्मनीतल्या आखेनच्या फ्राउनहोफर लेझर संस्थेत पावडर पूर्ण वितळवण्याचं काम सुरू झालं. वस्तू भरीव झाली खरी, पण दोन दुखणी उरली.

पहिलं, छिद्रं. लेझरची ताकद कमी पडली किंवा तो फार वेगात गेला, तर दोन थरांमध्ये न वितळलेली, वेड्यावाकड्या आकाराची फट राहते. तडा तिच्याच टोकापासून सुरू होतो. मग ताकद वाढवायची? जास्त झाली तर धातूची वाफ होते, वितळलेल्या धातूत खोल खड्डा पडतो, तो खालून मिटतो आणि गोल बुडबुडा अडकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत अतिवेगवान एक्स-रेने हा खड्डा बनताना प्रत्यक्ष बघितला गेला.

दुसरं दुखणं म्हणजे गेटवालं. नवा थर आकसू बघतो, खालचा घट्ट थर त्याला आकसू देत नाही. ताण आतच अडकतो. २००६ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मर्सेलिस आणि क्रूथ यांनी हा ताण कुठे किती साठतो, ते मांडलं. वस्तू प्लेटला चिकटलेली असते तोवर सरळ दिसते. कापून सुटी केली की टोकं वर उचलली जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी प्लेटसकट भट्टीत तापवून ताण काढायचा, मगच कापायचं. क्रम चुकला तर कित्येक तासांची छपाई एका कापात वाया.

आणि छिद्रांचं काय? त्याचा इलाज प्रिंटिंगपेक्षाही जुना आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेने अणुइंधनावर धातूचं आवरण बसवण्यासाठी एक पद्धत काढली: बंद भांड्यात प्रचंड उष्णता आणि सगळ्या बाजूंनी वायूचा दाब. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूला साधारण ९२० अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या हजारपट दाब, दोन-तीन तास. मऊ झालेला धातू दाबला जातो, आतली पोकळी मिटते आणि तिच्या भिंती एकमेकींत मुरतात.

पण हा रामबाण नाही. छिद्राचं तोंड पृष्ठभागावर उघडं असेल, तर दाबाचा वायू आतच शिरतो आणि छिद्र तसंच राहतं. आत आर्गॉन वायू अडकला असेल, तर छिद्र चेपतं, पण वायू जात नाही. पुन्हा कडक तापवलं की ते परत फुगू शकतं. म्हणून शेवटी सीटी स्कॅन करून आत बघावंच लागतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी प्रिंट केलेल्या इंजिनाचा व्हिडिओ आला, तर लेझरच्या ठिणग्या जरूर बघा. पण कमेंटमध्ये एवढं विचारा: भट्टीत काय केलं? आणि कापायच्या आधी केलं की नंतर?