व्यापार करारातले 'तंट्याचे प्रकरण' व्यापारी संघाला एका पानात कसे सांगायचे?

सावनेर तालुक्यातले खापा हे गाव नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात येते. या संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तिथले आयात शुल्क 2019 नंतर दरवर्षी वाढत गेले आणि 2023 मध्ये किलोमागे सुमारे 88 रुपयांवर पोचले. मालाच्या भावाइतके किंवा त्याहून जास्त शुल्क लागले, तर ट्रक सीमेपर्यंत नेण्यात अर्थ उरत नाही. त्या डिसेंबरात राज्य सरकारने शुल्काचा निम्मा भार अनुदानातून उचलण्याचे जाहीर केले.

अशा वेळी व्यापारी संघाच्या बैठकीत प्रश्न हमखास निघतो: "दोन्ही देशांत मुक्त व्यापार करार आहे ना? मग तक्रार का करत नाही?" करार आहे. त्याचे नाव साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र. तो 1 जानेवारी 2006 पासून लागू आहे आणि त्याचे कलम 20 तंटा सोडवण्याबद्दल आहे. संघाकडे वकील नसतो, त्यामुळे हे कलम वाचून सारांश काढायचे काम बहुधा सचिवाच्या गळ्यात पडते.

पहिली ओळ: तक्रार कोण करू शकतो?

सारांशाची सुरुवात इथूनच हवी. कलम 20 मध्ये तक्रारदार म्हणून फक्त 'करार करणारे राज्य' येते, आणि इथे राज्य म्हणजे देश. व्यापारी, कंपनी किंवा संघ थेट तक्रार करू शकत नाही. संघाचा अर्ज दिल्लीच्या वाणिज्य विभागाकडे जातो. तो पुढे न्यायचा की नाही, हे सरकार ठरवते. ही ओळ सारांशाच्या शेवटी टाकली, तर सभासद मधल्या सगळ्या मुदती आपल्यासाठीच आहेत असे समजून बसतात.

दिवस कुठून मोजायचे?

सर्वाधिक चुका इथे होतात. समजा, भारताची चर्चेची लेखी विनंती बांगलादेशला 1 नोव्हेंबरला मिळाली. उत्तराला 15 दिवस, म्हणजे 16 नोव्हेंबर. चर्चा सुरू करायला 30 दिवस, म्हणजे 1 डिसेंबर. हे 30 दिवस विनंती मिळाल्यापासूनचे आहेत, उत्तरानंतरचे नाहीत. घाईत वाचणारा 15 आणि 30 ची बेरीज करतो आणि पुढच्या सगळ्या तारखा चुकतात.

चर्चेतून तंटा मिटवायलाही तेच 30 दिवस असतात. दोघांची संमती असेल तर ते आणखी 30 दिवसांनी वाढतात. मुदत वाढवली नाही आणि तोडगाही निघाला नाही, तर 1 डिसेंबरला प्रकरण तज्ज्ञ समितीकडे नेता येते. समितीला शिफारशीसाठी 60 दिवस आहेत, म्हणजे 30 जानेवारी. त्यावर मंत्री परिषदेकडे अपील झाले, तर आणखी 60 दिवस, म्हणजे 31 मार्च. निर्णय अमलात आणायला 90 दिवस धरले की 29 जून उजाडतो. हा हिशेब कुठेही एक दिवस वाया न गेल्याचा आहे. तोवर आंबिया बहार संपलेला असतो आणि मृग बहाराचा मालही निघून गेलेला असतो. हंगाम वाचवायला या कलमाचा उपयोग नाही, हे वाक्य सारांशात ठळक हवे.

इथली 'तज्ज्ञ समिती' न्यायालयासारखी स्वतंत्र नाही. तिच्यात सदस्य देशांनीच नेमलेले अधिकारी बसतात. सार्कची शिखर परिषद 2014 नंतर झालेली नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

जिंकलो तर पैसे परत मिळतात का?

नाही. दुसऱ्या देशाने 90 दिवसांत शिफारस पाळली नाही, तर समिती तक्रारदार देशाला तितक्याच परिणामाच्या सवलती मागे घेण्याची परवानगी 'देऊ शकते'. मूळ मजकुरात इथे 'देईल' असे बंधनकारक क्रियापद नाही. मराठीत आणताना 'मिळेल' लिहिले, तर अर्थच बदलतो. शिवाय मागे घेतलेली सवलत कापडावरचीही असू शकते. भरलेले शुल्क संत्रा व्यापाऱ्याला परत मिळण्याची तरतूद या कलमात नाही.

तक्रारीत दम आहे का?

हे कलम 20 वाचून कळत नाही. प्रत्येक देशाची एक 'संवेदनशील यादी' असते. तिच्यातल्या मालाला शुल्क कपातीचे वचन लागू नसते. म्हणून आधी संत्र्याचा एचएस कोड, 0805 पासून सुरू होणारा, बांगलादेशच्या यादीत आहे का ते पाहावे. मग शुल्काची फोड करावी: मूळ सीमाशुल्क किती आणि त्यावरचे इतर आकार किती. फक्त आयातीवर लावलेल्या अशा आकारांना करार 'पॅरा-टॅरिफ' म्हणतो. देशी मालावरही तसाच लागणारा कर त्यात मोडत नाही.

ही फोड आयातदाराकडच्या सीमाशुल्काच्या कागदांवर असते. दोन-तीन हंगामांचे असे कागद जोडलेला अर्ज नागपूरच्या विदेश व्यापार कार्यालयामार्फत किंवा थेट वाणिज्य विभागाकडे पाठवता येतो. चर्चेच्या विनंतीत नेमका कोणता निर्णय खटकतो आणि कराराचे कोणते कलम मोडले, हे सरकारला लिहावे लागते. ती माहिती अर्जातच असेल, तर अधिकाऱ्याला ती शोधत बसावे लागत नाही.