शेताच्या वाटणीचा वाद: कोर्टाची पायरी, मध्यस्थी की लवाद? नेमका फरक काय?

गोंदिया जिल्ह्यात जमिनीचे बहुतेक वाद घरातलेच असतात. वडील गेले, सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावे चढली, पण बांध्या कोणी कसायच्या, धुरा कुठे घालायचा आणि बोडीचे पाणी आधी कोणाला, यावर एकमत होत नाही. मग कोणीतरी वाटणीचा दावा दाखल करतो आणि वर्षांमागून वर्षे जातात.

अशा वादासाठी 'मध्यस्थी' आणि 'लवाद' असे दोन पर्याय सुचवले जातात. अनेकांना हे दोन्ही शब्द एकच वाटतात, पण तसे नाही. मध्यस्थ निकाल देत नाही, तो दोन्ही बाजूंना तोडग्यापर्यंत आणतो. लवाद मात्र न्यायाधीशासारखा निकाल देतो आणि तो न आवडणाऱ्यालाही पाळावा लागतो.

वाटणीच्या दाव्याला इतका वेळ का लागतो?

कारण या दाव्यात निकाल एकदा नाही, दोनदा लागतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात कोणाचा किती हिस्सा एवढेच ठरते. प्रत्यक्ष कोणाला कोणता तुकडा, हे नंतर ठरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार, सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करायची असते. म्हणजे कोर्टात जिंकल्यावरही फाइल महसूल खात्याकडे जाते, मोजणी होते आणि तिथे नव्या हरकती येतात.

मधल्या काळात जिल्हा न्यायालयात अपील होऊ शकते. कायद्याचा मोठा मुद्दा असेल तर नागपूर खंडपीठात दुसरे अपीलही होते. एखादा पक्षकार वारला, तर त्याच्या वारसांना दाव्यात आणावे लागते. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर प्रकरणे पडून राहतात, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. त्यामुळे पुढच्या टप्प्यासाठी वेगळ्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने स्वतःहून पुढे जावे, असे 2022 मध्ये सांगण्यात आले.

मग लवाद नेमला तर?

घरगुती वाटणीत लवाद क्वचितच कामी येतो. 1996 च्या लवाद कायद्यानुसार त्यासाठी सगळ्या पक्षांचा लेखी करार हवा. भावाभावांमध्ये असा करार आधीपासून नसतो आणि भांडण पेटल्यावर कोणी सही करत नाही. सगळ्यांची संमती नसेल तर कोर्टही प्रकरण लवादाकडे पाठवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या ॲफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केले. शिवाय लवादाची फी पक्षकारांनाच भरावी लागते.

बिल्डर आणि जमीनमालक यांचा विकसन करार किंवा भागीदारीतली मालमत्ता असेल, तर गोष्ट वेगळी. अशा करारात लवादाचे कलम बहुधा असते. दोन्ही बाजूंची लेखी कैफियत पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि पक्षकारांच्या संमतीने 6 महिने वाढवता येतात. पण भाडे नियंत्रण कायद्याखालचा घरमालक-भाडेकरू वाद लवादाकडे नेता येत नाही.

मध्यस्थीत नेमके काय होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वडिलांनी स्वतः घेतलेली 6 एकर धानाची शेती आहे. ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि तिरोड्याला दिलेली बहीण आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार चौघांचा हिस्सा समान, म्हणजे प्रत्येकी दीड एकर.

कोर्ट हा हिस्सा ठरवून देईल. पण बोडी एकाच टोकाला आहे, थोरला भाऊ शेती कसतो, धाकटा नागपूरला नोकरी करतो आणि बहिणीला जमिनीपेक्षा पैसे हवे आहेत. या गोष्टी हुकूमनाम्यात सहसा बसत नाहीत, मध्यस्थीत बसतात. मध्यस्थ आधी सगळ्यांशी एकत्र बोलतो, मग प्रत्येकाशी वेगळे. वेगळ्या बैठकीत सांगितलेली गोष्ट तो परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला सांगत नाही.

तोडगा असा निघू शकतो: बहिणीचा दीड एकर थोरल्याकडे जाईल आणि त्याचे पैसे तो दोन हप्त्यांत देईल. आईचा हिस्सा तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहील. धाकट्याच्या बांध्यांना बोडीचे पाणी ठरलेल्या पाळीने मिळेल. हप्ता चुकला तर काय, हेही त्यातच लिहायचे.

सुरुवात कुठून करायची?

दावा आधीच सुरू असेल, तर कलम 89 खाली मध्यस्थीसाठी कोर्टाला विनंती करता येते. दावा केला नसेल, तर गोंदियाचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करता येतो. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माहितीसाठी 15100 हा टोल-फ्री क्रमांक आहे.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात 120 दिवस आणि संमतीने आणखी 60 दिवस अशी मुदत दिली आहे. त्याची कलमे मात्र टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

तोडगा पक्का कधी होतो?

इथेच बरेच जण फसतात. स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या किंवा गावच्या तंटामुक्त समितीसमोर समझोता लिहिला, म्हणजे हुकूमनामा झाला असे नाही. सुरू असलेल्या दाव्यात तडजोड कोर्टासमोर ठेवून तडजोड हुकूमनामा घ्यावा लागतो. दावापूर्व प्रकरणात ती लोकअदालतीत नोंदवून निवाडा घेता येतो. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेले कोर्ट शुल्कही परत मिळते.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी तपासा. एक, सगळे वारस हजर आहेत का? बहिणीला वगळून केलेला तोडगा तिच्यावर बंधनकारक नसतो. दोन, कोणी अल्पवयीन आहे का? सुरू असलेल्या दाव्यात त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते. तीन, गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहिल्या आहेत का? नुसते 'बोडीकडची बाजू' असे लिहिले तर फेरफार अडकतो. चार, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची किंवा आदिवासी खातेदाराची आहे का? देवरी, सालेकसा भागात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यासाठी लागणारी सरकारी परवानगी तडजोडीने टाळता येत नाही.

मध्यस्थी कुठे चालत नाही?

समोरचा माणूस येतच नसेल, खोटे खरेदीखत तयार झाले असेल किंवा कोणी जमीन विकण्याच्या तयारीत असेल, तर आधी कोर्टातून मनाई हुकूम घ्यावा लागतो. तो मध्यस्थ देऊ शकत नाही. मात्र मनाई हुकूम मिळाल्यावर त्याच दाव्यात मध्यस्थीची वाट पुन्हा मोकळी असते. ती फसली तर दावा जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो आणि मध्यस्थीत बोललेली गोष्ट कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.