प्रसूतिपश्चात थायरॉइडशोथ

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात मातेच्या थायरॉइड (अवटू) ग्रंथीला येणारी, सहसा न दुखणारी सूज. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते, त्यातून ही सूज येते. पूर्ण दिवसांच्या प्रसूतीनंतर होते तशीच ती गर्भपातानंतरही होऊ शकते. साधारणपणे शंभर बाळंतिणींपैकी पाचजणींना हा विकार होतो, मात्र निरनिराळ्या देशांत हे प्रमाण कमीजास्त आढळते. एकच आजार आधी छातीत धडधड आणि मग काही महिन्यांनी थकवा, केसगळती व अनियमित पाळी अशा दोन परस्परविरुद्ध रूपांत दिसू शकतो. म्हणूनच तो ओळखताना लक्षणांइतकेच महत्त्व ‘प्रसूतीला किती महिने झाले’ या प्रश्नाला असते.

इतिहास : न्यूझीलंडमधील रॉबर्टन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या लक्षणांचे वर्णन केले. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना गळून गेल्यासारखे वाटते, थंडी सोसत नाही, केसांत बदल होतात आणि थायरॉइडच्या अर्काने त्यांना बरे वाटते, असे त्यांनी नोंदवले होते. त्या काळी रक्तातील संप्रेरके आजच्यासारखी मोजता येत नसल्याने हे निरीक्षण मागे पडले. पुढे जपानमध्ये नोबुयुकी अमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या रक्ताची पद्धतशीर तपासणी केली. तेथील सुमारे ५·५ टक्के स्त्रियांमध्ये प्रसूतीनंतर थायरॉइडचे कार्य बिघडते, असे त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती तेव्हापासून.

कारण : गर्भाचा निम्मा वारसा पित्याकडून येतो, त्यामुळे मातेच्या शरीराला तो अंशतः परकाच असतो. त्याला इजा होऊ नये म्हणून गरोदरपणात मातेची प्रतिकारयंत्रणा काहीशी आवरलेली राहते. प्रसूतीनंतर हा आवर सुटतो आणि प्रतिकारयंत्रणा पुन्हा जोमाने कामाला लागते. जिच्या शरीरात थायरॉइडविरुद्धची प्रवृत्ती आधीपासूनच दबून होती, तिच्या ग्रंथीवर त्याच वेळी हल्ला होतो. टीपीओ या ग्रंथीतील विकराविरुद्धची प्रतिपिंडे ही या प्रवृत्तीची खूण आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला ती आढळलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या स्त्रियांना पुढे हा विकार होतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह असणे किंवा आधीच्या बाळंतपणात हाच त्रास झालेला असणे, यांनीही धोका बराच वाढतो.

आजाराची वाटचाल : थायरॉइड ग्रंथीत तयार संप्रेरकाचा काही आठवडे पुरेल एवढा साठा असतो. सुजेमुळे ग्रंथीच्या पेशी फुटल्या की हा साठा एकदम रक्तात उतरतो. प्रसूतीनंतर साधारण पहिल्या ते सहाव्या महिन्यादरम्यान छातीत धडधड, हातांना कंप, घाम, चिडचिड आणि भूक असूनही वजन घटणे अशी लक्षणे यामुळे दिसतात. येथे ग्रंथी जास्त संप्रेरक तयार करत नसते. असलेलेच गळत असते. म्हणून साठा संपला की एकदोन महिन्यांत ही अवस्था आपोआप ओसरते.

त्यानंतर उणिवेची अवस्था येऊ शकते. साठा संपलेला असतो आणि जखमी ग्रंथीला नवे संप्रेरक पुरेसे बनवता येत नाही. चौथ्या ते आठव्या महिन्याच्या आसपास थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, विसराळूपणा आणि मन उदास होणे असा त्रास सुरू होतो. बहुतेक स्त्रियांची ग्रंथी प्रसूतीला वर्ष होईपर्यंत पूर्वपदावर येते. दोन्ही अवस्था एकीमागून एक मात्र साधारण चौघींपैकी एकीलाच जाणवतात. काहींना फक्त धडधडीची अवस्था येते, तर जवळजवळ निम्म्याजणींना थेट उणिवेचीच. पहिली अवस्था सौम्य असली, तर तो त्रास जागरणाचा समजून विसरलाही जातो.

केस व पाळी : प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनी केस गळणे हे निरोगी बाळंतिणीतही घडते. गरोदरपणात वाढीच्या अवस्थेत रोखून धरलेले केस प्रसूतीनंतर एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी फणीत येऊ लागतात. वर्षभरात ते बहुधा परत भरून येतात. नेमक्या याच काळात थायरॉइडही बिघडू शकते, म्हणून केवळ केसगळतीवरून निदान होत नाही. सहा-सात महिन्यांनंतर केसगळती कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि सोबत थकवा व बद्धकोष्ठ असेल, तर मात्र तपासणी हवी.

पाळीचेही तसेच आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला कित्येक महिने पाळी न येणे स्वाभाविक असते. थायरॉइडची उणीव असली की बीजमोचन अनियमित होते, प्रोलॅक्टिन वाढू शकते, आणि पाळी लांबते किंवा रक्तस्राव जास्त होतो. उलट संप्रेरक जास्त असताना स्राव कमी होतो किंवा पाळी चुकते. पाळी सुरू होऊन नंतर विस्कटली असेल, तर आधी नवी गर्भधारणा नाही याची खात्री करावी आणि मग थायरॉइड तपासावे.

निदान : टीएसएच आणि मुक्त टी-४ या दोन रक्तचाचण्या पायाभूत आहेत. टीएसएच हे मेंदूतील पीयूष ग्रंथीचे संप्रेरक थायरॉइडला कामाचा हुकूम देते. थायरॉइडचे संप्रेरक वाढले की ते घटते आणि घटले की वाढते.

धडधडीच्या अवस्थेत खरा प्रश्न असतो तो ग्रेव्हज रोगापासून वेगळेपण ओळखण्याचा. ग्रेव्हज रोगात ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक बनवते आणि तोही प्रसूतीनंतर उद्भवू शकतो. डोळे बाहेर आल्यासारखे दिसणे, ग्रंथी बरीच मोठी असणे आणि टीएसएच-ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडणे, या ग्रेव्हजच्या खुणा आहेत. किरणोत्सारी आयोडीन ग्रंथी किती शोषते यावरूनही फरक कळतो, पण आयोडीन-१३१ स्तनपान करणाऱ्या मातेला देत नाहीत. त्यामुळे बाळंतिणीत प्रतिपिंडांच्या चाचणीवर अधिक भर असतो.

दोन गोष्टींमुळे अहवाल फसवा ठरू शकतो. पहिली बायोटिन. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत ते बऱ्याचदा मोठ्या मात्रेत असते. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते, म्हणजे निरोगी स्त्रीचाही अहवाल अतिकार्याचा वाटतो. म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवतात. दुसरी गोष्ट शीहान विकाराची. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाला तर पीयूष ग्रंथीलाच इजा होऊ शकते. मग टी-४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही. अतिरक्तस्रावानंतर दूध आलेच नाही आणि पाळीही सुरू झाली नाही, तर नुसते टीएसएच पाहून थांबता येत नाही.

रक्तक्षयातही धडधड आणि थकवा असतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबतच पाहतात. धाप लागणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे किंवा पायांवर सूज ही लक्षणे असतील, तर हृदयस्नायूच्या विकाराची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

नमुना उदाहरण : पहिलटकरीण, वय २९, तिच्या आईला थायरॉइडची गोळी चालू. तिसऱ्या महिन्यात बाळ झोपले असतानाही धडधड होते, नाडी मिनिटाला १०८, हात कापतात. टीएसएच ०·०२ (सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०·४ ते ४), मुक्त टी-४ किंचित वाढलेले. ग्रंथी जरा मोठी पण दुखत नाही, डोळे ठीक. टीपीओ प्रतिपिंडे भरपूर, ग्रेव्हजची प्रतिपिंडे नाहीत. तिला थोडे दिवस धडधड आवरणारी गोळी मिळते. पाचव्या महिन्यात टीएसएच १·१ येते आणि घरच्यांना वाटते की आजार संपला.

प्रत्यक्षात हा एका अवस्थेतून दुसरीकडे जातानाचा टप्पा आहे. सातव्या महिन्यात तिला दुपारी उठवत नाही, केसांचे पुंजके येतात, पाळी दीड महिन्याने येते. आता टीएसएच २४ आणि टी-४ कमी. पाचव्या महिन्याचा अहवाल दाखवून ‘थायरॉइड तर ठीक होते’ असे म्हटले गेले असते, तर निदान हुकले असते. धडधड ओसरल्यावर चार ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करतात आणि प्रसूतीला वर्ष होईपर्यंत अधूनमधून तपासत राहतात, ते याचसाठी.

उपचार : पहिल्या अवस्थेत संप्रेरकनिर्मिती रोखणारी, ग्रेव्हज रोगातली औषधे निरुपयोगी असतात, कारण येथे निर्मिती वाढलेलीच नसते. त्रास फार असेल तर प्रोप्रॅनोलॉल कमीत कमी मात्रेत देतात; ते दुधात अत्यल्प उतरते, त्यामुळे स्तनपान चालू ठेवता येते. दमा असलेल्या स्त्रीला मात्र ते टाळतात.

दुसऱ्या अवस्थेत लेव्होथायरॉक्सिन देतात ते लक्षणे त्रासदायक असतील, टीएसएच १० च्या वर असेल किंवा पुन्हा गर्भधारणा हवी असेल तेव्हा. लक्षणे नसलेल्या सौम्य उणिवेत नुसते लक्ष ठेवणेही पुरते. ही गोळी स्तनपानात सुरक्षित असून सकाळी उपाशीपोटी घेतात. बाळंतिणीला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात. त्या सोबत घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर ठेवतात. मात्रा बरोबर आहे का, हे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून पाहतात. रक्त लवकर तपासले तर मात्रेचा खरा परिणाम दिसत नाही. टीएसएच सुधारले तरी केसगळती लगेच थांबत नाही. तिला काही महिने लागतात.

गरोदरपणाआधीपासून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीची गोष्ट वेगळी. गरोदरपणात तिची मात्रा वाढवलेली असते आणि प्रसूतीनंतर ती पूर्ववत करावी लागते. हे राहून गेले, तर तिची धडधड आजारामुळे नसून गोळीमुळे असू शकते.

पुढील काळ : गोळी जन्मभर लागेलच असे नाही. सुरू केल्यापासून सहा ते बारा महिन्यांनी, पुन्हा दिवस राहिलेले नसतील आणि तसा प्रयत्नही चालू नसेल, तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. नमुना उदाहरणातील स्त्रीची लेव्होथायरॉक्सिनची मात्रा प्रसूतीनंतर दीड वर्षाने निम्मी केली आणि टीएसएच २·८ आले. मग गोळी बंद केल्यावरही ते मर्यादेत राहिले. तरीही दरवर्षी टीएसएच तपासणे आवश्यक असते, कारण बऱ्या झालेल्या स्त्रियांपैकी काहींना पुढे कायमची उणीव होते. टीपीओ प्रतिपिंडे जास्त असणाऱ्या आणि उणिवेची अवस्था तीव्र झालेल्या स्त्रियांमध्ये हा धोका अधिक असतो. पुढच्या बाळंतपणानंतर हा विकार पुन्हा उद्भवण्याचा संभव मोठा असल्याने, पुन्हा दिवस राहताच आधीच्या त्रासाची माहिती डॉक्टरांना द्यावी. म्हणजे प्रसूतीनंतरच्या तपासण्या कोणत्या महिन्यांत करायच्या हे आधीच ठरवता येते.