एका दिवसात पाच फ्लॅट : दलालाबरोबर फिरण्याचं वेळापत्रक

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं निवृत्तीनंतर इंदूरला परत येतात तेव्हा त्यांच्याकडे दोन-तीन दिवस असतात आणि दलालाकडे दहा-बारा फ्लॅट. माझा मामेभाऊ आणि वहिनी गेल्या मे महिन्यात असेच आले. पुण्याचं घर विकून आलेला पैसा एकदाच खर्च होणार होता, त्यामुळे चूक करायला वाव नव्हता. दलालाने पाठवलेली पाच फ्लॅटची यादी भावाने मला दाखवली. बँकेत असताना गृहकर्जाच्या फायली पुष्कळ हाताळल्या आहेत, पण त्या यादीत मला पहिल्यांदा खटकला तो भाव नव्हे, क्रम.

यादी अशी होती. साडेदहाला पिपल्याहाना, साडेअकराला निपानिया, साडेबाराला राजेंद्रनगर, तीनला बिचोली मर्दाना आणि चारला महालक्ष्मीनगर. ज्या क्रमाने घरमालकांचे फोन लागले त्या क्रमाने दलालाने वेळा लिहून घेतल्या होत्या. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही, पण पेट्रोल आणि पाय आपले जातात. आमचा मुक्काम लोकमान्यनगरात. म्हणजे पूर्वेला जायचं, तिथून उत्तरेला, मग पूर्ण शहर ओलांडून दक्षिणेला, आणि जेवून पुन्हा पूर्वेला.

मी कागदावर प्रत्येक दोन ठिकाणांमधला वेळ लिहिला. किलोमीटर लिहून उपयोग नाही. बायपासचे आठ किलोमीटर आणि पलासियाचे आठ किलोमीटर यांत फार फरक आहे. गुगल मॅपवर निघण्याची वेळ टाकली की त्या तासाचा अंदाज मिळतो, त्यात मी पाच मिनिटं वाढवतो. मेट्रो आणि पुलांची कामं चालू आहेत तिथे दहा. आमचे आकडे असे आले : घर ते पिपल्याहाना ३०, तिथून निपानिया २५, निपानिया ते राजेंद्रनगर ४५, तिथून बिचोली ३५, बिचोली ते महालक्ष्मीनगर २५, आणि घरी परत ४०. एकूण २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं नुसती गाडीत.

इथे बरेच जण घरापासूनच्या अंतराने यादी लावतात, जवळचा आधी आणि लांबचा शेवटी. त्यात दोन दोष आहेत. घरापासून सारख्याच अंतरावरचे दोन फ्लॅट शहराच्या दोन टोकांना असू शकतात. म्हणून पुढचा फ्लॅट आत्ता जिथे उभे आहोत तिथून जवळचा असायला हवा. दुसरा दोष मोठा आहे. दिवस नेहमी लांबतो, आणि मग शेवटचा फ्लॅट राहून जातो. तो लांबचा असेल तर त्यासाठी पुन्हा एक दिवस घालवावा लागतो. म्हणून मी सर्वांत लांबचा आधी घेतो आणि तिथून घराकडे येतो. शेवटी राहिलाच तर घराजवळचा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन बघून येता येतो.

या हिशेबाने नवी ओळ झाली : निपानिया, महालक्ष्मीनगर, बिचोली मर्दाना, पिपल्याहाना आणि शेवटी रिंग रोडने मूसाखेडी, तीन इमलीवरून राजेंद्रनगर. प्रवासाची मिनिटं ४५, १५, २५, १५, ३० आणि घरी १५. एकूण १४५. पंचावन्न मिनिटं वाचली.

मग प्रत्येक फ्लॅटला किती वेळ द्यायचा? दलाल पंधरा मिनिटं धरतात. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, गाडी लावणं, लिफ्ट आणि किल्लीवाल्याची वाट यातच दहा जातात. आत पंचवीस-तीस मिनिटं हवीतच. सर्व नळ उघडून बघणं, खिडक्या उघडून उभं राहणं, छतावर जाऊन टाकी पाहणं, एखाद्या शेजाऱ्याशी बोलणं. मी चाळीस मिनिटं धरतो.

सव्वानऊला घर सोडायचं. निपानियाची इमारत नवीन, बिल्डरचं ऑफिस दहाला उघडतं, म्हणून दहा. महालक्ष्मीनगरचे मालक देवासहून येणार होते, त्यांना अकरा सोयीचं होतं. बिचोली बारा दहाला. तिथून बाहेर पडायला बारा पन्नास, आणि पिपल्याहानाच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू कुटुंब राहतं. दुपारी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी कुणाच्या घरात शिरणं बरं नाही, म्हणून तिथली वेळ अडीच ठेवली आणि मधे निवांत जेवण. हा मोकळा वेळ मुद्दाम मध्यावर ठेवलेला बरा. सकाळचा उशीर तिथे जिरतो. राजेंद्रनगर पावणेचारला. त्या फ्लॅटचा हॉल पश्चिमेकडे आहे. मे महिन्यात दुपारी चारला त्या हॉलमध्ये उभं राहिलं की जे कळतं ते सकाळी साडेदहाला कधीच कळत नाही. पश्चिमेकडचा फ्लॅट दलाल सकाळी दाखवायला निघाला तर वेळ बदलून मागा, मग क्रम थोडा बिघडला तरी चालेल.

मालकांना आम्ही नेमकी वेळ दिली नाही. ‘अकरा ते सव्वाअकरा’ असं सांगितलं आणि मागच्या फ्लॅटमधून निघताना फोन करायचं काम दलालाकडे दिलं. दोन गोष्टी आदल्या संध्याकाळीच ठरवल्या. पहिली, किल्ली कुणाकडे आहे ते पाचही ठिकाणी विचारून घ्यायचं. दुसरी, दिवसात नवा फ्लॅट घुसवायचा नाही. ‘साहेब, रस्त्यातच आहे, पाच मिनिटं’ हे वाक्य ऐकायला मिळतंच, आणि त्या पाच मिनिटांचे पन्नास होतात. असा फ्लॅट आला की यादीच्या खाली लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आणखी एक, सलग दोन भिकार फ्लॅट दाखवून तिसरा खपवायची जुनी पद्धत आहे. क्रम आपण लावला की ती आपोआप मोडते.

दलालाची रेरा नोंदणी आहे का, हेही त्याच संध्याकाळी विचारून घ्या. आणि प्रत्येक फ्लॅटचा कार्पेट एरिया. सुपर बिल्ट-अपच्या आकड्यावर घरांची तुलना करू नये.

प्रत्यक्षात काय झालं? निपानिया आणि महालक्ष्मीनगर वेळेवर झाले. बिचोलीला वहिनींनी स्वयंपाकघरातला नळ उघडला, पाणी गढूळ आलं. वॉचमन आधी ‘आजच असं’ म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की इमारत बोअरिंगवर आहे आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. मग टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये असतो की वेगळा, हे विचारण्यात वीस मिनिटं जास्त गेली. ती जेवणाच्या वेळेत भरून निघाली. जुन्या क्रमाने तिथे तीनला पोहोचलो असतो, तर चारला देवासचे मालक ताटकळत असते आणि दलालाने आम्हाला नळापासून ओढून नेलं असतं.

राजेंद्रनगरचा हॉल चार वाजता भट्टीसारखा तापला होता. वहिनी दोन मिनिटांत बाहेर गॅलरीत गेल्या, आणि तिथेही उभं राहवेना. पिपल्याहानाचा फ्लॅट भावाला आवडला. टोकन मागितलं गेलं, आम्ही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला दोघं दलालाशिवाय त्या इमारतीखाली जाऊन उभे राहिले, गाड्या कुठे लागतात आणि रिंग रोडचा आवाज किती येतो ते ऐकायला.