हापशी, रॉकेलचा पंप आणि हृदय : वऱ्हाडातल्या वर्गातला एक तास

आठवीच्या विज्ञानात रक्ताभिसरणाचा पाठ आला की ‘हृदय हा एक पंप आहे’ हे वाक्य येतेच. अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर ‘पंप’ म्हटल्यावर दोनच गोष्टी येतात : शाळेच्या आवारातली किंवा चौकातली हापशी आणि बापाच्या पाठीवरचा फवारणीचा पंप. दोन्ही ओळखीचे आहेत. त्यामुळे शिक्षकाचे अर्धे काम आधीच झालेले असते, आणि उरलेले अर्धे काम थोडे अवघड होऊन बसते. कारण यांतला एकही पंप हृदयासारखा तंतोतंत चालत नाही.

हापशीपासून सुरुवात करणे मात्र योग्यच. महाराष्ट्रात तिचे घराणे जवळचे आहे. बोअरवेलवर बसणाऱ्या हातपंपाचे सुधारलेले नमुने जालना आणि सोलापूर इथे तयार झाले. पुढे १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यांतूनच ‘इंडिया मार्क टू’ हा पंप घडला आणि देशभर पसरला. जमिनीवर दिसतो तो फक्त दांडा आणि तोटी. खरा पंप खाली पाण्यात बुडालेल्या नळकांड्यात असतो. तिथे दोन झडपा असतात : एक वर-खाली होणाऱ्या दट्ट्यात आणि दुसरी नळकांड्याच्या तळाशी. शेतकरी विहिरीवरच्या मोटारीमुळे या तळच्या झडपेला ‘फूट व्हॉल्व्ह’ म्हणून चांगलाच ओळखतो. दट्ट्या वर गेला की त्याची झडप बंद होते, वरचे पाणी उचलले जाते आणि तळची झडप उघडून खालून नवे पाणी आत येते. दट्ट्या खाली आला की उलटे होते. दोन्ही झडपा पाण्याला वरच जाऊ देतात, परतू देत नाहीत. हृदयाशी हापशीचे खरे साम्य एवढेच आहे.

इथेच गैरसमजही शिरतो. हापशी पाणी उचलते, म्हणून हृदय रक्त ‘ओढून घेते’ असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात हृदयाचे मुख्य काम दाबणे आहे. स्नायूंची भिंत आकुंचन पावते, आतली जागा कमी होते आणि रक्त बाहेर ढकलले जाते. दुसरे असे की हापशीचे पाणी बादलीत पडून संपते, तर रक्त फिरून परत येते. म्हणून हापशी ओळख करून देण्यापुरती ठेवून पुढच्या प्रयोगासाठी दुसरा पंप घ्यावा लागतो.

रबरी फुग्याचा पंप

हा पंप म्हणजे डब्यातून रॉकेल काढायचा हाताने दाबायचा प्लास्टिकचा पंप. रॉकेलचे दिवस सरले असले तरी हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. मध्ये दाबता येणारा लाल किंवा निळा फुगा, एक ताठ नळी आणि एक लवचिक नळी असते. फुग्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक छोटी पापुद्र्यासारखी झडप असते. फुगा म्हणजे निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा. आत येणाऱ्या वाटेवरची झडप म्हणजे अलिंद आणि निलय यांच्यामधली, आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवरची म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली. पंप नवाच घ्यावा. रॉकेल, डिझेल किंवा औषधासाठी वापरलेला पंप कितीही धुतला तरी मुलांच्या हातात देऊ नये.

पहिला प्रयोग साधा आहे. लाल शाई घातलेल्या पाण्याच्या बादलीत ताठ नळी बुडवायची आणि फुगा दाबायचा-सोडायचा. आधी हवा निघते, मग पाणी येते. इथे वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : “सर, दाबलं तं पाणी मांगं काहून नाही येत?” उत्तर सांगायचे नाही. नळी काढून फुग्याच्या तोंडाची झडप दाखवायची आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी फुंकर मारायला लावायची. एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने अडते. त्रिदली आणि द्विदली ही नावे यानंतर फळ्यावर आली की ती नुसती पाठ करायची नावे राहत नाहीत.

या प्रयोगात एक चूक वारंवार होते. बाहेर जाणारी नळी खाली जमिनीवरच्या भांड्यात सोडली आणि बादली बाकावर ठेवली, तर दोन-तीनदा दाबल्यावर पाणी आपोआप वाहत राहते. हा पंप मुळात वक्रनळीच्या तत्त्वावर चालण्यासाठीच केलेला आहे. मुलांना दिसते ते असे की पंप थांबला तरी पाणी चालूच आहे, आणि हृदयाबद्दल नेमके उलटे शिक्षण होते. म्हणून बाहेरचे तोंड नेहमी बादलीतल्या पाण्यापेक्षा वर धरायचे. फुग्याच्या माथ्यावर हवेची चकती असेल तर ती घट्ट पिळून ठेवायची, नाहीतर दाबताना हवाच निघून जाते.

आता मोजमाप. वीस वेळा दाबून निघालेले पाणी लिटरच्या बाटलीत जमा करायचे. समजा बाटली बरोबर भरली, तर एका दाबात ५० मिलिलिटर पाणी गेले. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाला साधारण ५ लिटर होतात. एका मुलाला फुगा याच वेगाने दाबत राहायला सांगावे. थोड्याच वेळात बोटे भरून येतात आणि तो हात बदलतो. दिवसाचा हिशेब ७,२०० लिटरचा, म्हणजे २०० लिटरचे ३६ ड्रम. नळ चार-पाच दिवसांनी येणाऱ्या वस्तीतल्या मुलांना ड्रम म्हणजे किती पाणी हे वेगळे सांगावे लागत नाही.

या आकड्यातच एक जुना शोध दडलेला आहे. शरीरात एकूण रक्त जेमतेम ५ लिटर असते आणि हृदय तासाला ३०० लिटर ढकलते. एवढे नवे रक्त खाल्लेल्या अन्नातून दर तासाला तयार होणे शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम हार्वी यांनी १६२८ साली असाच हिशेब मांडून रक्ताभिसरण सिद्ध केले. त्यांनी ठोक्याचे माप बरेच कमी धरले होते, तरीही उत्तर तेच निघाले. वर्गात बाहेरची नळी त्याच बादलीत वळवली की हार्वींचा निष्कर्ष समोर दिसतो.

दोन बादल्या

हृदय एक पंप आहे असे म्हणतो, पण ते दोन पंप आहेत. उजवा रक्त फुप्फुसाकडे पाठवतो, डावा शरीराकडे. हे आकृतीत रंगवून दाखवण्यापेक्षा दोन पंप आणि दोन बादल्या घेऊन दाखवणे सोपे आहे. एका बादलीवर ‘फुप्फुस’ आणि दुसरीवर ‘शरीर’ लिहायचे. एक मूल शरीराच्या बादलीतून फुप्फुसाच्या बादलीत पाणी टाकते, दुसरे तेच पाणी परत शरीराकडे पाठवते. दोन्ही बादल्या सारख्या भरलेल्या असाव्यात आणि पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी.

दोघे सारखे दाबत असतील तर खुणा हलत नाहीत. दुसऱ्याचा हात जरा मंदावला की फुप्फुसाच्या बादलीची पातळी चढू लागते. खऱ्या हृदयात डाव्या बाजूने दर ठोक्याला फक्त १ मिलिलिटर कमी ढकलले, तर मिनिटाला ७२ मिलिलिटर रक्त फुप्फुसाकडे तुंबेल. निरोगी हृदयात तसे होत नाही, कारण कप्प्यात जास्त रक्त आले की त्याची भिंत जास्त ताणली जाते आणि पुढचा ठोका आपोआप जोराचा पडतो. प्लास्टिकच्या फुग्याला हे जमत नाही. डावी बाजू थकलेल्या रुग्णाला आडवे पडल्यावर दम का लागतो, हे मात्र या चढणाऱ्या पातळीवरून मुलांना कळते.

झडप गळते तेव्हा

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत भूजल खारे असल्याने हापशीचे लोखंडी पाइप गंजतात. गंजाचा कण तळच्या झडपेत अडकला की ती नीट बसत नाही. रात्रभरात पाइपातले पाणी खाली उतरते आणि सकाळी पाणी येण्याआधी बरेच हात रिकामे मारावे लागतात. मुलांनी हे अनुभवलेले असते. तेच फुग्यात घडवून दाखवता येते.

आत येणाऱ्या झडपेच्या पापुद्र्याखाली जाड दोऱ्याचा तुकडा अडकवायचा. पुन्हा वीसदा दाबायचे. आता समजा बाटलीत ६०० मिलिलिटरच आले, म्हणजे एका दाबाला ३०. उरलेले मागे गेले. बादलीत नळीच्या तोंडाजवळ कागदाचे कपटे टाकले तर प्रत्येक दाबाला ते लांब ढकलले जाताना दिसतात. लिटरभर पाण्यासाठी आता वीसऐवजी तेहतीस-चौतीस वेळा दाबावे लागते. गळक्या झडपेच्या हृदयालाही असेच जास्तीचे काम पडते, आणि काही वर्षांत ते मोठे आणि ढिले होत जाते.

हा प्रयोग टाळू नये, कारण झडपा बिघडवणारा एक आजार शाळेच्या वयातच सुरू होतो. विशिष्ट जंतूंमुळे घसा दुखतो, बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकणारे दुखणे सुरू होते. याला संधिवाताचा ताप म्हणतात. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूची द्विदली झडप खराब करतो. सांधे पूर्ववत होतात, झडप होत नाही. घशाच्या संसर्गावर वेळेत प्रतिजैविक मिळाले तर हा ताप टळू शकतो. एकदा येऊन गेला असेल तर पुढे काही वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते मध्येच बंद करणे महागात पडते.

छातीला नरसाळे आणि नळी लावून मुले एकमेकांचे ‘लब-डब’ ऐकतात. हे आवाज झडपा मिटण्याचे असतात : ‘लब’ अलिंद-निलयामधल्या झडपांचा, ‘डब’ धमन्यांच्या तोंडच्या झडपांचा. गळक्या झडपेतून मध्येच फुसफुस ऐकू येते. पण निरोगी मुलांतही असा आवाज अनेकदा आढळतो, त्यामुळे नरसाळ्याने निदान करायचे नाही. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झाला. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापाने बिघडलेले हृदय हे दोन्ही त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. धावताना इतरांपेक्षा लवकर धापणारे मूल वर्गशिक्षकाला आधीच माहीत असते. पथक येईल त्या दिवशी ते गैरहजर राहणार नाही, एवढे पाहावे.

फुग्याला काय जमत नाही

फुग्यातून पाणी तुटक-तुटक येते, शरीरातले रक्त मात्र दोन ठोक्यांच्या मधेही वाहत असते. याचे उत्तर फवारणीच्या पंपात आहे. त्याचा दांडा वर-खाली होतो, तरी फवारा सलग निघतो, कारण आतल्या दाबाच्या कोठीत कोंडलेली हवा दबते आणि मधल्या वेळात पाणी ढकलत राहते. महाधमनीची लवचिक भिंत फुगून-आवळून हेच करते. स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली आग विझवण्याच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी हीच तुलना केली होती. फवारणीचा पंप वर्गात मात्र आणायचा नाही, फळ्यावर काढायचा. त्यात विषारी औषध राहिलेले असते.

आणखी एक फरक मुले बहुधा स्वतःच काढतात : पंप दाबायला हात लागतो, हृदयाला कोण दाबते? उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो ठरावीक अंतराने विजेचा बारीक इशारा सोडतो आणि स्नायू स्वतःच आवळतात. शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदयही काही वेळ धडधडत राहते ते यामुळेच.