कांद्याचा बिंदू आणि गंगेचा ङकार

‘कांदा’ लिहावा की ‘कान्दा’? ‘गंगा’ बरोबर की ‘गङ्गा’? हे दोन प्रश्न एकाच जातीचे आहेत असे वाटते, आणि म्हणून लोक त्यांना एकच उत्तर शोधतात. कोणी म्हणतो, टिंब हा आळशी लिहिणाऱ्यांचा शॉर्टकट आहे, खरे रूप जोडाक्षराचे. कोणी म्हणतो, जोडाक्षर हा पंडिती सोस आहे. मराठीच्या मान्य नियमांनी मात्र या दोन शब्दांना दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. ‘गङ्गा’ चालते, ‘कान्दा’ चालत नाही. असे का, हे कळायला दोन्ही शब्दांचे कूळ पाहावे लागते.

आधी उच्चार पाहू. ‘गंगा’, ‘चंचल’, ‘दंड’, ‘कांदा’, ‘आंबा’ हे शब्द सावकाश म्हणून बघा. टिंब सगळीकडे तेच, पण जीभ दर वेळी वेगळ्या ठिकाणी लागते. ‘ग’च्या आधी ती मागे टाळूच्या मऊ भागाला लागते आणि ‘ङ्’ निघतो. ‘च’च्या आधी ‘ञ्’, ‘ड’च्या आधी ‘ण्’, ‘द’च्या आधी ‘न्’, आणि ‘ब’च्या आधी ओठ मिटून ‘म्’. पुढचे व्यंजन ज्या जागेवर उच्चारायचे, त्याच जागेवर नाकातला ध्वनी आधी उमटतो. पुढच्या वर्णाच्या वर्गातला म्हणून त्याला परसवर्ण म्हणतात. तेव्हा हा ध्वनी लिहायचे दोन मार्ग होतात. एक तर तो पाच वेगवेगळ्या अक्षरांनी नेमका दाखवायचा, नाहीतर सगळ्यांसाठी एकच बिंदू द्यायचा आणि बाकीचे वाचणाऱ्याच्या जिभेवर सोपवायचे.

पहिला मार्ग संस्कृत व्याकरणाचा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाच्या शेवटी याचे नियम आहेत. शब्दाच्या पोटात स्पर्श व्यंजनापूर्वी आलेला अनुस्वार परसवर्ण झालाच पाहिजे, म्हणून ‘गङ्गा’ आणि ‘पङ्कज’. दोन पदांच्या सांध्यावर मात्र पाणिनी विकल्प देतो, म्हणून ‘सम्’ आणि ‘गम’ जोडताना ‘सङ्गम’ही होते आणि ‘संगम’ही. म्हणजे ज्या व्याकरणाच्या नावाने बिंदूला अशुद्ध ठरवले जाते, त्यातही बिंदूला जागा होती. शिवाय संस्कृत पोथ्या उतरवणारे लेखक सांध्यावरच काय, शब्दाच्या पोटातही सर्रास बिंदू देत.

दुसरा मार्ग प्राकृताचा, आणि तोही तितकाच जुना आहे. अशोकाच्या शिलालेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ब्राह्मी अक्षराशेजारी अनुस्वाराचा ठिपका आहे आणि ‘धंम’सारखे शब्द ठिपक्यानेच कोरले आहेत. आपल्या जवळचा दाखला जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. तिथल्या सातवाहनकालीन लेखाच्या आरंभीच्या नमनात चंद्रासाठी ‘चंद’ हा शब्द ठिपका देऊन कोरलेला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात व्यंजनापूर्वीच्या ङ्, ञ्, ण्, न् या सगळ्यांचा अनुस्वार होतो असा नियम आहे, आणि वर्गीय व्यंजनापूर्वी परसवर्ण हा विकल्प म्हणून ठेवला आहे. संस्कृतात शब्दाच्या पोटात परसवर्ण आवश्यक, तर प्राकृतात मूळ रूप बिंदूचे आणि परसवर्ण ऐच्छिक.

आता ‘कांदा’. संस्कृत ‘कन्द’ प्राकृतातून ‘कंद’ म्हणून आला आणि मराठीत ‘कांदा’ झाला. पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून झिजत आलेला हा तद्भव शब्द आहे. अशा शब्दांत मराठीने एक गोष्ट फार नेमाने केली आहे. नासिक्य ध्वनीपुढचे व्यंजन घोष असेल, म्हणजे ग, ज, ड, द, ब यांसारखे असेल, तर नाकातला ध्वनी साधारणपणे टिकला. ‘शृङ्ग’चे ‘शिंग’ झाले, ‘सिन्दूर’चे ‘शेंदूर’, ‘कुम्भकार’चे ‘कुंभार’, ‘चन्द्र’चे ‘चांद’ आणि ‘कन्द’चे ‘कांदा’. पुढचे व्यंजन क, च, ट, त, प यांसारखे अघोष असेल, तर मात्र हा ध्वनी आधी स्वरात विरला आणि पुढे ऐकू येईनासा झाला. ‘दन्त’चा ‘दांत’ आणि मग ‘दात’ झाला, ‘पञ्च’चे ‘पांच’ आणि मग ‘पाच’, ‘कण्टक’चा ‘कांटा’ आणि मग ‘काटा’. याला ‘चिंच’, ‘खंत’ असे अपवाद आहेत, पण प्रवाह हा आहे.

मोल्सवर्थच्या 1831 सालच्या कोशापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या छापील मराठीत ‘दांत’, ‘पांच’, ‘कांटा’ अशी टिंबे दिसतात ती यामुळे. ती उच्चारासाठी नव्हती; शब्द कुठून आला ते दाखवायला होती. त्यामुळे बिंदूवर दोन वेगळी कामे येऊन पडली. ‘कांदा’त तो ऐकू येणारा ध्वनी दाखवत होता आणि ‘दांत’मध्ये न ऐकू येणारा इतिहास. शाळेत शिकणाऱ्याला टिंब कुठे द्यायचे हे कानावरून ठरवता येईना, ते पाठ करावे लागे.

या गुंत्याचा निकाल 1962 साली लागला. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम ठरवले आणि महाराष्ट्र शासनाने ते स्वीकारले. 1972 साली त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांतला पहिलाच नियम आपल्या प्रश्नाचा आहे. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, म्हणजे तत्सम शब्दांत विकल्पाने परसवर्ण लिहिला तरी चालेल. ही सवलत तत्सम शब्दांपुरतीच आहे. बाकीचे शब्द बिंदू देऊनच लिहावेत. आणि ज्यांचा उच्चार स्पष्ट नाही असे व्युत्पत्तीचे बिंदू देऊ नयेत. त्यामुळे ‘दांत’चा ‘दात’ झाला आणि ‘कांदा’ होता तसा राहिला.

आता दोन्ही शब्द नियमावर लावून पाहू. ‘गंगा’ तत्सम आहे, म्हणून ‘गंगा’ हे प्रमाण रूप आणि ‘गङ्गा’ हा मान्य विकल्प. ‘कांदा’ तद्भव आहे, म्हणून ‘कान्दा’ अमान्य. एकाच कुळातल्या दोन शब्दांनाही नियम वेगळा लागू शकतो. ‘चंद्र’ तत्सम, म्हणून ‘चन्द्र’ चालते. ‘चांद’ तद्भव, म्हणून ‘चान्द’ चालत नाही. ‘दंतवैद्य’ लिहिताना ‘दन्त’ करता येईल, पण दातावर बिंदूही नको. ‘मुंबई’ आणि ‘हिंदी’ यांपैकी कोणताच शब्द तत्सम नाही. हिंदीत ‘मुम्बई’ आणि ‘हिन्दी’ छापलेले दिसते म्हणून मराठीतही तसे लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तद्भव शब्दांना बिंदूच का, याचे उत्तर खुद्द मराठीच्या उच्चारातही आहे. ‘मांजर’ किंवा ‘झुंज’ या शब्दांतला ‘ज’ हा ‘जय’मधला तालव्य ज नव्हे. तो दातांजवळ उच्चारला जाणारा मराठीचा ज आहे, आणि त्याच्या आधीचा नासिक्य ध्वनी ‘न्’सारखा आहे. परसवर्णाच्या नियमाने ‘माञ्जर’ लिहिले तर उच्चार खोटा पडतो. ‘मान्जर’ लिहिले तर उच्चार जुळतो, पण चवर्गातल्या ‘ज’ला तवर्गातला ‘न’ जोडला जाऊन नियमच मोडतो. पाच नासिक्य अक्षरांची व्यवस्था संस्कृत ध्वनींसाठी बेतलेली आहे. बिंदू मात्र पुढच्या अक्षराप्रमाणे आपसूक वळतो, म्हणून मराठीच्या स्वतःच्या ध्वनींना तोच नीट बसतो.

याचा अर्थ प्रत्येक ‘न्’ आणि ‘म्’ पुसून टिंब द्यावे असा नाही, आणि खरी गडबड इथे होते. बिंदू आणि परसवर्ण यांची अदलाबदल फक्त पाच वर्गांच्या पहिल्या चार-चार व्यंजनांपूर्वी होते. ‘अन्न’, ‘जन्म’, ‘पुण्य’, ‘मान्य’, ‘नम्र’, ‘आम्ही’, ‘वाङ्मय’ यांत पुढे तसे व्यंजन नाही. तिथले अर्धे अक्षर हे परसवर्णामुळे आलेले नाही. ते त्या शब्दाचे स्वतःचे अक्षर आहे. ‘वाङ्मय’चे मूळ ‘वाच्’ हा शब्द आहे, आणि ‘वांमय’ लिहिले की ते मूळ पुसले जाते. ‘इन्कार’मध्ये तर पुढे ‘क’ असूनही आपण ‘ङ्’ म्हणत नाही, स्वच्छ ‘न्’ म्हणतो, म्हणून तिथेही ‘न्’च. उलट बाजूने य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्यापूर्वी आलेला अनुस्वार फक्त बिंदूनेच दाखवायचा. ‘संसार’, ‘हिंसा’, ‘संशय’ यांना कुठलाही परसवर्ण नाही, तेव्हा ‘सन्सार’ आणि ‘हिन्सा’ या उघड चुका आहेत.

‘संमती’ आणि ‘सन्मती’ या जोडीवर ही पारख करून बघता येते. ‘संमती’त ‘सम्’ हा उपसर्ग आहे. त्याच्या ‘म्’चा पदाच्या सांध्यावर अनुस्वार होतो, म्हणून आपले साहित्य संमेलनही बिंदूनेच लिहिले जाते. ‘सन्मती’ म्हणजे सत् आणि मती. तिथल्या ‘त्’चा ‘म’मुळे ‘न्’ झाला आहे, त्याचा बिंदूशी संबंध नाही. एक शब्द होकाराचा, दुसरा चांगल्या बुद्धीचा. बिंदू चुकीच्या जागी पडला तर शब्दच बदलतो.

काही वेळा परसवर्ण नुसता चालतो असे नाही, तो हवाच असतो. मराठीत अनेकवचनी सामान्यरूपावर बिंदू येतो. ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये. दर्शनाचे नाव लिहायचे तर ‘वेदान्त’. ‘सुखांत’ म्हणजे सुखांमध्ये. शेवट गोड असलेले नाटक ‘सुखान्त’. ‘देहांत’ म्हणजे देहांमध्ये; मृत्यू तो ‘देहान्त’. असा अर्थभेद स्पष्ट करण्यासाठी परसवर्ण जोडावा, हे नियमांनीच सांगितले आहे.

तेव्हा निकाल असा. रोजच्या लेखनात बिंदू हेच मराठीचे प्रमाण रूप आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तत्सम शब्दांत ज्याला परसवर्णाची आवड आहे त्याने तो लिहावा. मात्र एका लेखात एकच पद्धत ठेवावी आणि पुढच्या अक्षराच्या वर्गाचाच परसवर्ण वापरावा. अर्थ फिरत असेल तिथे तो आवर्जून वापरावा. देशी, तद्भव आणि परभाषेतून आलेल्या शब्दांवर मात्र तो लादू नये. मुलांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना एवढेच सांगणे आहे की ‘गङ्गा’ लिहिणाऱ्याचा गुण कापू नका, आणि ‘कान्दा’ लिहिणाऱ्याला चूक दाखवताना तिचे कारणही सांगा.